निरोप ‘पण’वर थांबला असेल तर तो कसा वाचायचा

कामाच्या पाळ्या लावायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला वाटलं होतं की खरी अडचण तक्ता जुळवण्यात असेल. तक्ता महिन्याभरात जमला. अडले ते लोकांच्या निरोपांपाशी. “उद्या येते पण”, “जमणार नाही कारण”, “कागद दिले की”, “तिघं आहेत आणि”. रोज असे दोन-चार निरोप यायचे. वाक्य जोडणाऱ्या शब्दावर येऊन थांबायचं, आणि पुढे काय ते मला ठरवावं लागायचं.

अशाच एका निरोपावर मी चुकले. गुरुवारी रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी एका सहकारी ताईंचा निरोप आला: “उद्या सकाळची पाळी घेते पण”. दुपारची पाळी त्यांच्याकडे आधीच लावलेली होती. त्यामुळे मी तो ‘सकाळची पाळीसुद्धा घेते’ असा वाचला, दोन्ही पाळ्यांपुढे त्यांचं नाव लिहिलं आणि झोपले. दुसऱ्या दिवशी त्या सातला आल्या आणि साडेदहाला निघून गेल्या. दुपारी फिरकल्याच नाहीत. जागा रिकामी, लोक ताटकळलेले. संध्याकाळी त्यांना फोन केला तर त्या म्हणाल्या, “अगं, मी लिहिलं होतं ना, साडेदहाला निघावं लागेल, दुपारचं दुसऱ्या कुणाला दे म्हणून.” त्यांनी फोनमध्ये पाहिलं, तेव्हा ते पुढचं वाक्य लिहायच्या चौकटीतच पडून होतं. ते पाठवलंच गेलं नव्हतं.

चूक दोघींची होती, पण निरोप वाचायची जबाबदारी माझी होती. त्यानंतर असे निरोप वाचायची एक पद्धत मी हळूहळू बसवली. या कामात नवीन असणाऱ्यांसाठी ती इथे लिहिते आहे. पाळ्या, नोंदणी, भेटीच्या वेळा, कशाचंही काम असो, दुसऱ्याच्या लेखी निरोपावरून तुम्हाला काही ठरवायचं असेल तर ती उपयोगी पडेल.

आधी हाताशी काय हवं

- मूळ निरोप, ज्या फोनवर किंवा खात्यावर आला तिथेच उघडलेला. कुणी वाचून दाखवलेला किंवा पुढे ढकललेला चालणार नाही.
- त्याच्या आधीचं संभाषण. निदान तुमचा शेवटचा प्रश्न तरी दिसला पाहिजे.
- निरोप आल्याची वेळ, आणि त्याच माणसाचे पाच-सहा जुने निरोप.
- एक वही किंवा तक्त्यातला रिकामा रकाना, ‘अपुरा’ अशी खूण करायला.

१. निरोप पूर्ण उघडला आहे ना, ते बघा

सुरुवात इथूनच करा, कारण हे काम दहा सेकंदांचं आहे. पडद्याच्या वरच्या कडेला झळकणाऱ्या सूचनेत निरोपाची पहिली एक-दोन ओळीच मावतात. लांब निरोप गप्पांच्या चौकटीतही दुमडलेला असतो आणि खाली ‘पुढे वाचा’ असं लिहिलेलं असतं. घाईत आपण सूचनाच वाचतो आणि तिलाच निरोप समजतो. म्हणून निरोप उघडा, शेवटपर्यंत खाली जा, आणि त्याखाली चित्र, ध्वनिमुद्रण किंवा कागदाची प्रत जोडलेली आहे का, तेही बघा. “आज येता येणार नाही कारण” असं लिहून खाली प्लॅस्टर घातलेल्या पायाचा फोटो पाठवणारे असतात. त्यांचं वाक्य फोटोने पूर्ण केलेलं असतं.

साधा एसएमएस असेल तर थोडी जास्त काळजी घ्या. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरांना प्रत्येकी सात बिट पुरतात, म्हणून ती १६० बसतात. देवनागरीतली चिन्हं साधारणपणे प्रत्येकी सोळा बिटांची धरली जातात, म्हणून ती फक्त ७० बसतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला पाय मोडणारा हलन्त ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. ‘प्रश्न’ हा शब्द डोळ्यांना इवलासा दिसतो, पण मोजताना प, हलन्त, र, श, हलन्त, न अशी सहा चिन्हं होतात. निरोप ७० च्या पुढे गेला की त्याचे तुकडे पडतात, आणि तुकडे परत जुळवण्याची माहितीही आत भरावी लागत असल्याने दर तुकड्यात ६७ चिन्हंच उरतात. म्हणजे मराठीतली दोन-तीन साधी वाक्यं दोन तुकड्यांतून प्रवास करतात. त्यातला एक वाटेत अडकला तर काही फोन तो येईपर्यंत काहीच दाखवत नाहीत, काही मात्र आलेला तुकडा तसाच दाखवतात.

आता तंत्राने तोडलेला निरोप आणि माणसाने थांबवलेला निरोप ओळखायचा कसा? तुकडे पाडताना चिन्हं मोजली जातात, शब्द बघितले जात नाहीत. त्यामुळे तो घाव बहुतेक वेळा शब्दाच्या मधे पडतो: “उद्या येणार होते प”, “कागद घेऊन यायला विसर”. निरोप नेमका ‘पण’ किंवा ‘कारण’ हा शब्द पुरा होऊन थांबला असेल, तर तो माणसानेच तिथे थांबवला असण्याची शक्यता जास्त. शेवटच्या तीन टिंबांवर मात्र विसंबू नका. ती लिहिणाऱ्याने दिलेली असू शकतात, आणि सूचनेत मजकूर मावला नाही म्हणून फोननेही लावलेली असू शकतात. निरोप उघडल्यावर टिंबं नाहीशी झाली तर ती फोनची होती, एवढं नक्की.

२. शेवटचा शब्द इथे खरंच जोडणारा आहे का, ते ठरवा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि माझी चूक इथलीच होती. मराठीत जोडणारे म्हणून शिकवलेले कित्येक शब्द वाक्याच्या शेवटी आले की वेगळंच काम करतात, आणि तेव्हा वाक्य पूर्ण असतं. उलट, पूर्ण वाटणारं वाक्य अर्धंही असतं. एकेक शब्द घेऊ.

*पण.* याची तीन कामं आहेत. पहिलं ‘सुद्धा’चं: “मी पण”, “सकाळची पाळी पण घेते”. या अर्थाने तो ज्या शब्दाबद्दल बोलतो त्याला चिकटून येतो, आणि तो शब्द बहुतेकदा नाम किंवा सर्वनाम असतो. दुसरं काम ‘इतक्यात झालंसुद्धा’ हे सांगण्याचं: “पोचला पण!”, “झालं पण?” इथे आधी झालेल्या कामाचं क्रियापद असतं आणि बोलण्यात आश्चर्य किंवा तत्परता असते. तिसरं काम ‘परंतु’चं, आणि या एकाच कामात पुढचं काहीतरी राहिलेलं असतं.

आता त्या ताईंचा निरोप पुन्हा बघा: “उद्या सकाळची पाळी घेते पण”. दोन्ही पाळ्या घेते असं म्हणायचं असतं, तर मराठी माणूस ‘पण’ पाळीला लावतो: “सकाळची पाळी पण घेते”. इथे तो क्रियापदानंतर आला होता. क्रिया अजून व्हायची होती, त्यामुळे ‘झालंसुद्धा’ हा अर्थही बसत नव्हता. उरला ‘परंतु’. शब्द कुठे बसला आहे एवढं जरी मी पाहिलं असतं, तरी निरोप अर्धा आहे हे त्याच रात्री कळलं असतं. ही खूण शंभर टक्के खरी ठरते असं नाही. “येत पण नाही, सांगत पण नाही” यात ‘पण’ क्रियापदाला लागूनही ‘सुद्धा’चंच काम करतो. तरीही वाक्याच्या अगदी शेवटी, वर्तमान किंवा भविष्याच्या क्रियापदानंतर ‘पण’ दिसला तर थांबायचं, असं मी स्वतःला लावून घेतलं आहे.

*की.* हा शब्द ‘पण’पेक्षा फसवा आहे, कारण त्याचे दोन अर्थ एकमेकांच्या थेट विरुद्ध जातात. “अर्ज भरला की” हा एवढाच निरोप आला आहे असं समजा. याचा अर्थ ‘भरला ना, शंका कसली?’ असा होऊ शकतो, म्हणजे अर्ज भरून झाला आहे. किंवा ‘भरून झाला की मग पुढचं करते’ असा होऊ शकतो, म्हणजे अर्ज अजून भरलेलाच नाही. अक्षरं तीच आहेत, पण एका वाचनात काम झालं आहे आणि दुसऱ्यात झालेलं नाही.

निवाडा करतो तो तुमचा आधीचा प्रश्न. तुम्ही “अर्ज भरलास का?” असं विचारलं होतं आणि उत्तर आलं “भरला की”, तर वाक्य पूर्ण आहे आणि काम झालं आहे. तुम्ही “कागद कधी पाठवशील?” असं विचारलं होतं आणि उत्तर आलं “अर्ज भरला की”, तर कागद अर्जानंतर येतील आणि अर्ज अजून बाकी आहे. हेही वाक्य उत्तर म्हणून पुरं आहे, कारण त्याचा उरलेला भाग तुमच्याच प्रश्नात आहे: “अर्ज भरला की पाठवीन”. म्हणून ‘की’वर संपलेला निरोप प्रश्नाशिवाय वाचूच नये. तुम्ही प्रश्न फोनवर विचारला असेल आणि उत्तर लेखी आलं असेल, तर तो प्रश्न आठवून वहीत त्या निरोपाच्या शेजारी लिहा. चार दिवसांनी तक्ता बघणाऱ्याला तो ठाऊक नसतो.

‘की’चा तिसराही वापर आहे, “येतेस की” असा. इथे ‘नाही’ गाळलेलं असतं आणि तो प्रश्न असतो. प्रश्नचिन्ह टाकायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, त्यामुळे ते नाही म्हणून गोंधळू नका.

*तर.* “वेळ मिळाला तर” हे “येशील का?” या प्रश्नाचं पूर्ण उत्तर आहे. अट सांगितली, निकाल तुमच्या प्रश्नात आहेच. प्रश्न नसताना तोच निरोप आला, तर मात्र अट आहे आणि निकाल नाही. एक सापळा इथेही आहे: “सांगितलं तर” याचा अर्थ ‘सांगितलं असेल तर’ असाही होतो आणि ‘अहो, सांगितलं की मी’ असाही. दुसऱ्या अर्थात किंचित वैतागाचा सूर असतो, आणि तो बहुधा तुम्ही एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारल्यावर येतो.

*म्हणून आणि कारण.* या दोघांची तोंडं उलट दिशांना आहेत, आणि एवढं लक्षात राहिलं की अर्धं काम होतं. ‘म्हणून’ला कारण आधी लागतं. “गाडी चुकली म्हणून” यात कारण येऊन गेलेलं आहे. बाकी आहे तो परिणाम, आणि तो बहुतेकदा आधीच्याच निरोपात असतो: “उशीर झाला.” मग पुढची ओळ, “गाडी चुकली म्हणून.” काही राहिलेलं नाही. ‘कारण’ला मात्र मजकूर पुढे लागतो. “उशीर झाला कारण” यात राहिलं आहे तेच सांगायचं होतं. अपवाद एकच, तो शब्द नाम म्हणून आला असेल तेव्हा: “हेच कारण”, “याचं एकच कारण”, “काय कारण”. त्याच्या आधीचा शब्द वाचला की हा प्रश्न सुटतो.

*आणि.* यात काही गुंता नाही. वाक्याच्या शेवटी ‘आणि’ उरला असेल तर निरोप जवळजवळ नेहमीच अर्धा असतो.

३. वेळ आणि लिहायची सवय बघा

निरोप अर्धा आहे असं ठरलं, तर पुढचा भाग येतो आहे की येणारच नाही, हे आता बघायचं.

काही माणसं एक वाक्य चार तुकड्यांत पाठवतात. त्यांचा श्वास जिथे संपतो तिथे त्यांचं बोट ‘पाठवा’वर पडतं, आणि तो नेमका ‘पण’, ‘आणि’, ‘कारण’ यांच्यापाशी संपतो. या माणसांचे जुने निरोप चाळले तर ही सवय लगेच दिसते. एक तुकडा, अर्ध्या मिनिटात दुसरा, मग तिसरा. अशा माणसाचा निरोप ‘पण’वर थांबला असेल तर काहीच करू नका, थांबा. मी साधारण दहा मिनिटं थांबते. निर्णय तातडीचा असेल तर तेवढंही थांबत नाही, सरळ फोन करते. समोरचा लिहितो आहे असं पडद्यावर दिसत असेल तर त्याचा अर्थ एवढाच की त्याच्या हाती कळफलक उघडा आहे. तो तुमच्यासाठी लिहिलेलं सगळं खोडूही शकतो.

दुसरी जमात बोलून लिहिणाऱ्यांची. फोनला सांगायचं आणि फोनने टंकायचं. ही सोय बोलण्यातला विराम ऐकून थांबते, आणि माणूस विचार करायला थांबतो तोही बहुधा जोडणारा शब्द उच्चारल्यावरच: “सकाळची पाळी घेते पण…” इथे आपण क्षणभर गप्प होतो, पुढचं कसं सांगावं याचा विचार करतो. तेवढ्यात ऐकणं बंद झालेलं असतं. पुढचं वाक्य हवेत जातं, किंवा पहिला भाग पाठवल्यावर चौकटीत पडून राहतं. त्या ताईंचं हेच झालं होतं. बोलून लिहिलेला निरोप ओळखायच्या खुणा ठळक आहेत: कुठेच विरामचिन्ह नाही, एखादा शब्द उच्चाराने जवळचा पण अर्थाने भलताच, वाक्यं बोलण्याच्या वळणाची. अशा निरोपात लिहिणाऱ्याला आपण सगळं सांगितलं असंच वाटत असतं, त्यामुळे तुम्ही कितीही वाट पाहिली तरी पुढचं येत नाही. तिथे विचारावंच लागतं.

४. मुद्दाम सोडलेलं वाक्य ओळखा

दहा मिनिटं झाली, पुढे काही आलं नाही, लिहिणारा एरवी नीटनेटकं लिहितो, आणि वाक्य ‘पण’वर थांबलं आहे. अशा वेळी ते तिथेच थांबवायचं होतं, हीही शक्यता धरा. बोलताना आपण हे सतत करतो. “यायचं होतं पण…” म्हणून हात पसरतो, आणि ऐकणाऱ्याला कळतं. हे काही मराठीचंच वैशिष्ट्य नाही. जपानीत ‘केदो’ म्हणजे ‘पण’, आणि वाक्य त्यावर सोडून देणं ही तिथली रोजची सभ्य रीत आहे. ऑस्ट्रेलियातल्या बोली इंग्रजीत ‘बट’ वाक्याच्या शेवटी येऊन वाक्य पुरं करतो, यावर जीन मल्डर आणि सँड्रा थॉम्पसन या अभ्यासकांनी २००८ साली सविस्तर लिहिलं आहे. प्रत्यक्ष बोलण्यात आवाजाची चढ-उतार, लांबवलेला स्वर आणि चेहरा मदतीला असतात. लेखी निरोपात यातलं काही नसतं, आणि म्हणूनच आपण अडतो.

तरी लेखी निरोपातही एक चांगली खूण सापडते. ‘पण’च्या आधीचं क्रियापद बघायचं.

“यायचं होतं पण”, “आले असते पण”, “मदत करायची इच्छा आहे पण”. इथे क्रियापद इच्छेचं आहे किंवा न घडलेल्या गोष्टीचं आहे. याचं उत्तर ‘नाही’ आहे आणि ते मिळालेलं आहे. न सांगितलेलं फक्त कारण आहे, आणि ते सांगायची त्यांची इच्छा दिसत नाही. तक्त्यात ‘येणार नाही’ लिहा, “हरकत नाही, मी दुसरी सोय करते” असं कळवा आणि विषय सोडा. कारण खोदून काढू नका. कित्येकदा ते घरातलं किंवा प्रकृतीचं असतं, आणि चारचौघांच्या गटात लिहिण्यासारखं नसतं.

“येते पण”, “जमेल पण”, “दोघं चालतील पण”. इथे क्रियापद होकाराचं आहे. हा निरोप बेभरवशाचा आहे, कारण होकार मिळाला आहे आणि त्याची अट मिळालेली नाही. वेळेची अट असेल, बदल्यात काही हवं असेल, किंवा नुसतीच नाराजी असेल. काय आहे हे अंदाजाने कळत नाही, आणि अंदाजाने लिहिलेला होकार दुसऱ्या दिवशी अंगाशी येतो. असा निरोप आला की न विचारता पुढे जायचं नाही.

‘कारण’वर मुद्दाम थांबणारे थोडे असतात. जे थांबतात त्यांना ‘तुम्हाला माहीतच आहे’ असं म्हणायचं असतं. तुम्हाला खरंच माहीत असेल तर ठीक. नसेल, तर माहीत असल्याचा आव आणू नका.

५. विचारायचं कसं

नवीन माणूस बहुधा “पण काय?” असं विचारतो. बोलताना हसून विचारलं तर त्यात काही वाईट नाही. लेखी मात्र ते उलटतपासणीसारखं वाचलं जातं. “कारण???” तर त्याहून वाईट, समोरचा स्पष्टीकरण द्यायला बसतो किंवा गप्पच होतो.

मी असं करते. आलेले शब्द जसेच्या तसे परत लिहिते आणि अपुरेपणा निरोपाचा आहे, माणसाचा नाही, असं मांडते: “ताई, तुमचा निरोप ‘सकाळची पाळी घेते पण’ इथपर्यंत आला. पुढचं मला दिसत नाही.” तेच शब्द परत दिसले की समोरच्याला आपलं राहिलेलं वाक्य आठवतं. “तुमचा निरोप कळला नाही” असं मोघम विचारलं, तर बहुतेक वेळा पहिलंच वाक्य पुन्हा येतं, नेमकं तिथेच थांबलेलं.

होकारानंतरच्या ‘पण’साठी त्याच निरोपात एक ठोस प्रश्न जोडा, ज्याचं उत्तर दोन शब्दांत देता येईल: “पूर्ण पाळी घेता, की मधे निघायचं आहे? आणि दुपारची तुमच्याकडेच ठेवू का?” त्या रात्री मी हे दोन प्रश्न विचारले असते, तर उत्तर लगेच मिळालं असतं. वयाने मोठ्या माणसांना लेखी विचारण्यापेक्षा फोन केलेला बरा. “काका, तुमचा निरोप अर्धाच पोचला” असं सांगितलं की ते मोकळेपणाने सगळं सांगतात, आणि लिहिताना आपलं काही चुकलं असं त्यांच्या मनाला लागत नाही.

‘आणि’साठी प्रश्न आकड्याचा करा. “तिघं आहेत आणि” असा निरोप आला असेल तर “एकूण किती जण धरू?” असं विचारा. ‘आणि’च्या पुढे चौथा माणूस असेल, सामान असेल, की नुसतीच वेळ असेल, ते त्यातून बाहेर येतं.

गटात आलेल्या अर्ध्या निरोपावर गटात विचारू नका, त्या माणसाला वेगळं विचारा. आपण विचारेपर्यंत गटातले इतर जण आपापल्या परीने वाक्य पूर्ण करायला लागतात, आणि मग मूळ लिहिणारा “हो, तसंच” म्हणून त्यातलंच एखादं स्वीकारून मोकळा होतो. ते त्याला मुळात म्हणायचं होतं की नाही, हे कधीच कळत नाही.

६. उत्तर येईपर्यंत नोंद कशी ठेवायची

तक्त्यात मूळ शब्द अवतरणचिन्हांत लिहा, शेवटच्या शब्दासकट: “सकाळची पाळी घेते पण”. शेजारी ‘अपुरा’ आणि विचारल्याची वेळ. ‘घेते’ एवढंच लिहायचा मोह होतो, कारण रकाना लहान असतो आणि लोंबणारा ‘पण’ निरर्थक दिसतो. पण तो शब्द गळला की अट गळली, आणि उरला तो बिनशर्त होकार. तक्ता दुसऱ्याच्या हातात गेल्यावर त्याला हे कळायला काहीच मार्ग नसतो.

निरोप पुढे पाठवतानाही हेच. नक्कल करताना शेवटचा शब्द निवडीबाहेर राहून जातो, फोनवर सांगताना आपण नकळत वाक्य ‘सरळ’ करून टाकतो. “ताई सकाळी येणार आहेत” असं सांगू नका. “ताईंनी ‘घेते पण’ एवढंच कळवलं आहे, मी विचारलं आहे” असं सांगा. ऐकणारा लगेच पर्यायी माणूस शोधायला लागतो, आणि गरज पडली तर तो वेळेत सापडतो.

विचारूनही उत्तर आलं नाही, तर मी ठरलेल्या वेळेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत वाट बघते. सकाळची पाळी असेल तर रात्री आठपर्यंत. मग होकार-‘पण’ नकार धरते, दुसऱ्याला विचारते, आणि पहिल्या माणसाला तसं कळवते: “तुमच्याकडून पुढचं कळलं नाही म्हणून उद्याची सोय केली आहे. तुम्ही येऊ शकत असाल तर आठवड्यातली दुसरी पाळी देते.” या निरोपाला मात्र हमखास उत्तर येतं, आणि बहुतेक वेळा त्यात ते राहिलेलं वाक्यही असतं.